पन्नास पुस्तकं नेणारा मुलगा आणि माझा चुकलेला निष्कर्ष



कृतिसंशोधन म्हटलं की आपण दोन रकाने भरतो, संगणकावर सहसंबंध गुणांक काढतो आणि आलेला आकडा अहवालात लिहून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. त्या एका आकड्यामुळे माझ्या वर्गाचा वाचनपेटीचा तास जवळजवळ बंद पडला होता. आकडेमोडीत चूक नव्हती. चुकीचा गुणांक निवडला होता. म्हणून आज हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगते. शाळेत आपल्याकडे जी माहिती असते, म्हणजे वाचनाची पातळी, श्रेणी, 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही' अशी उत्तरं, किंवा नोंदवहीतले मोजके आकडे, तिच्यासाठी नेहमीचा सहसंबंध गुणांक एकटा वापरू नये. सोबत क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध काढावाच. आणि दोन्हींत मोठा फरक आला, तर अहवाल तिथेच थांबवून वर्गात जाऊन बघावं.

काय झालं होतं

चौथीच्या वर्गात आम्ही वाचनपेटी सुरू केली होती. मुलं गोष्टीची पुस्तकं घरी नेतात, वहीत नोंद करतात. सत्राच्या शेवटी मला बघायचं होतं, की जास्त पुस्तकं नेणाऱ्या मुलांचं वाचन खरंच पुढे असतं का. वाचनाची पातळी 'असर'च्या चाचणीत असते तशी पाच पायऱ्यांची घेतली: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. त्यांना अनुक्रमे १ ते ५ आकडे दिले.

समजायला सोपं जावं म्हणून इथे दहाच मुलं घेते आणि आकडेही त्या बेताने बसवले आहेत. गोष्ट मात्र तीच राहते.

| मूल | नेलेली पुस्तकं | वाचन पातळी |
|---|---|---|
| अ | २ | १ |
| आ | ३ | १ |
| इ | ५ | ३ |
| ई | ६ | २ |
| उ | ८ | ४ |
| ऊ | ९ | ३ |
| ए | ११ | ४ |
| ऐ | १२ | ५ |
| ओ | १४ | ५ |
| औ | ५० | २ |

नेहमीचा गुणांक, म्हणजे कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जातो तो, या दहा मुलांसाठी ०.०३ येतो. सहसंबंध गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये असतो. शून्याच्या जवळ आला की आपण 'संबंध नाही' असं लिहितो. मीही तसंच लिहिलं. बैठकीत वाचून दाखवलं. "मग तो तास सरावालाच द्या की," असं ठरू लागलं. त्यात कुणाचा दोष नव्हता, कागदावर तसंच लिहिलं होतं ना.

घरी आल्यावर तक्ता परत उघडला. वरची नऊ मुलं नुसत्या डोळ्यांनी बघा. दोन-तीन पुस्तकं नेणारी सगळ्यांत खाली, बारा-चौदा नेणारी सगळ्यांत वर, मधली मधे. याला 'संबंध नाही' कसं म्हणायचं?

एक मूल सगळ्यांवर भारी कसं पडतं

हे कळण्यासाठी गुणांक आतून कसा बनतो ते एकदा हाताने करून बघायला हवं. दहा मुलांची मिळून १२० पुस्तकं, म्हणजे सरासरी १२. पातळीची सरासरी ३. प्रत्येक मूल दोन्ही सरासऱ्यांपासून किती लांब आहे ते काढायचं आणि दोन्ही अंतरांचा गुणाकार करायचा. 'अ' पुस्तकांत सरासरीच्या १० खाली आणि पातळीत २ खाली आहे. उणे गुणिले उणे, म्हणून अधिक २०. 'ओ' पुस्तकांत २ वर, पातळीत २ वर, म्हणून अधिक ४. असं करत गेलं की पहिल्या नऊ मुलांची बेरीज ४३ येते. ती अधिक आहे, म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढताहेत.

आता 'औ' बघा. पुस्तकांत सरासरीच्या ३८ वर, पातळीत १ खाली. गुणाकार उणे ३८. त्रेचाळीसमधून अडतीस गेले, उरले पाच. नऊ मुलांनी मिळून जे सांगितलं, ते एका मुलाने जवळजवळ पुसून टाकलं.

इथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या. सरासरी १२ आली, पण दहापैकी सात मुलं त्या सरासरीच्या खाली आहेत. 'औ'ला बाजूला ठेवलं तर उरलेल्यांची सरासरी पावणेआठच्या आसपास येते. म्हणजे ज्या खुंटीपासून आपण अंतरं मोजतोय, ती खुंटीच त्या एका आकड्याने स्वतःकडे ओढली आहे. शिवाय गुणांकाच्या छेदात अंतरांचे वर्ग असतात. पुस्तकांच्या रकान्यातल्या वर्गांची बेरीज १७४० आहे आणि त्यातले १४४४ एकट्या 'औ'चे आहेत. शंभरातले त्र्याऐंशी भाग एका मुलाचे! अंतराचा वर्ग केला की लांबचं मूल असं बेसुमार जड होतं. सहसंबंध दहा मुलांचा काढला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो बराचसा 'औ'चा एकट्याचा असतो.

'औ'ला वगळून तोच गुणांक काढला तर ०.९३ येतो. एका ओळीच्या फरकाने 'जवळजवळ पूर्ण संबंध' ते 'अजिबात नाही'. इतका डळमळीत आकडा घेऊन एखाद्या तासाचं भवितव्य ठरवायचं का?

क्रमांक लावून बघू

दुसरी पद्धत इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमन यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश लष्करातली नोकरी सोडून ते मानसशास्त्राकडे वळले होते. १९०४ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात एका खेड्यातल्या शाळेची मुलं होती आणि शिक्षकांनी हुशारीप्रमाणे लावलेले त्यांचे क्रम होते. म्हणजे हे साधन मुळातच आपल्यासारख्यांच्या माहितीजवळचं आहे.

करायचं इतकंच, की मूळ आकडे बाजूला ठेवून त्यांचे क्रमांक घ्यायचे. सगळ्यांत कमी पुस्तकं नेणाऱ्याला १, त्याच्या पुढच्याला २, असं दहापर्यंत. पातळीलाही तसंच. मात्र दोन्हीकडे मोजणी एकाच बाजूने हवी. एकीकडे सगळ्यांत कमी तो पहिला आणि दुसरीकडे सगळ्यांत जास्त तो पहिला असं केलं, तर उत्तराचं चिन्ह उलटं येतं. ही चूक फार होते, कारण निकालात पहिला क्रमांक वरच्याला द्यायची आपली सवय असते.

बरोबरीत असलेल्या मुलांचं काय? 'अ' आणि 'आ' दोघेही पातळी १ वर आहेत. त्यांना पहिली आणि दुसरी जागा वाटून द्यायची, म्हणजे दोघांनाही दीड. पातळी २ वरची दोघं तिसऱ्या आणि चौथ्या जागेची मालक, म्हणून प्रत्येकी साडेतीन. असंच पुढे.

| मूल | पुस्तकांचा क्रम | पातळीचा क्रम | फरक | फरकाचा वर्ग |
|---|---|---|---|---|
| अ | १ | १.५ | −०.५ | ०.२५ |
| आ | २ | १.५ | ०.५ | ०.२५ |
| इ | ३ | ५.५ | −२.५ | ६.२५ |
| ई | ४ | ३.५ | ०.५ | ०.२५ |
| उ | ५ | ७.५ | −२.५ | ६.२५ |
| ऊ | ६ | ५.५ | ०.५ | ०.२५ |
| ए | ७ | ७.५ | −०.५ | ०.२५ |
| ऐ | ८ | ९.५ | −१.५ | २.२५ |
| ओ | ९ | ९.५ | −०.५ | ०.२५ |
| औ | १० | ३.५ | ६.५ | ४२.२५ |

फरकांची बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली तर क्रम लावताना काहीतरी चुकलं आहे, परत बघा. वर्गांची बेरीज ५८.५. पुस्तकातलं सोपं सूत्र असं: या बेरजेला ६ ने गुणायचं, मग मुलांची संख्या गुणिले (संख्येचा वर्ग वजा एक) याने भागायचं, आणि आलेलं उत्तर १ मधून वजा करायचं. दहा मुलांसाठी भाजक १० गुणिले ९९, म्हणजे ९९०. उत्तर येतं ०.६४५.

आता एक बारकावा. हे सोपं सूत्र बरोबरीचे क्रम नसतील तेव्हाच अगदी अचूक असतं. आपल्याकडे तर पाच पायऱ्या आणि दहा मुलं, बरोबरी होणारच. म्हणून खरी पद्धत अशी, की क्रमांकांचे दोन रकाने घ्यायचे आणि त्यांच्यावरच नेहमीचा गुणांक चालवायचा. तसं केलं की ०.६४० येतं. इथे फरक किरकोळ आहे. पण तीस मुलांतली वीस एकाच पातळीवर असतील तर सोपं सूत्र चांगलंच फसवतं.

संगणकावर पुस्तकं `B` रकान्यात आणि पातळी `C` रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत असेल, तर `D2` आणि `E2` मध्ये पहिली दोन सूत्रं लिहून खाली ओढायची आणि शेवटचं सूत्र कुठल्याही मोकळ्या चौकटीत लिहायचं:

```
=RANK.AVG(B2,B$2:B$11,1)
=RANK.AVG(C2,C$2:C$11,1)
=CORREL(D2:D11,E2:E11)
```

नुसतं `RANK` वापरू नका. ते बरोबरीतल्या दोघांना दीड-दीड न देता एक-एक देतं. आणि शेवटचा `1` विसरू नका, त्याच्यामुळेच मोजणी कमीपासून सुरू होते.

शून्य जास्तीचं पडलं तर?

आता एक खेळ करू. समजा 'औ'ने ५० नाही, १५ पुस्तकं नेली असती. नेहमीचा गुणांक ०.६६ आला असता. पन्नासला तो ०.०३ आहे. आणि नोंद करताना हात घसरून ५० चे ५०० झाले असते, तर तो उणे ०.२१! म्हणजे 'पुस्तकं नेली तर वाचन बिघडतं' असं म्हणायची वेळ. वर्गातली मुलं तीच, वाचन तेच, फक्त एका चौकटीतला आकडा बदलला.

क्रमांकांचा सहसंबंध या तिन्ही वेळी ०.६४ च राहतो. कारण १५ असो, ५० असो की ५००, 'औ' सगळ्यांत जास्त पुस्तकं नेणारा, म्हणजे दहावाच. तो किती लांब आहे हे क्रमांक विचारतच नाहीत, तो कुणाच्या पुढे आहे इतकंच विचारतात.

पण तुम्ही म्हणाल, ही पद्धत म्हणजे रामबाण का? तर नाही. 'औ'ला वगळलं तर क्रमांकांचा सहसंबंध ०.९२ आहे, त्याला धरलं की ०.६४. म्हणजे तो इथेही जाणवतोच. जाणवायलाच हवा, कारण पुस्तकांत सर्वांत पुढे आणि वाचनात मागे हे खरोखरच वेगळं आहे. फरक एवढाच, की इथे त्याचं मत इतरांच्या मतांना पुसून टाकत नाही.

पातळीचे आकडे कुणी ठरवले?

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे, कारण टोकाचा आकडा एखाद्या वर्गात नसेलही, पण पातळ्या आणि श्रेणी आपल्या प्रत्येक कागदावर असतात.

मी प्रारंभिकला १ दिला आणि गोष्टीला ५. का? सोयीचं म्हणून. पण त्यामुळे मी नकळत एक दावा केला, की अक्षरापासून शब्दापर्यंतचं अंतर आणि परिच्छेदापासून गोष्टीपर्यंतचं अंतर सारखं आहे. पहिली-दुसरी शिकवलेल्या कुणालाही विचारा, ते हे मान्य करतील का?

एखाद्या सरांना वाटेल की वर जाताना प्रत्येक पायरी दुप्पट अवघड होते. ते १, २, ४, ८, १६ असे आकडे देतील. एखाद्या बाई म्हणतील, अहो, मूल अक्षरं ओळखायला लागलं हाच खरा डोंगर, पुढचं मग सोपं. त्या १, १०, ११, १२, १३ देतील. दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. क्रम तिघांचाही एकच, अंतरं मात्र वेगवेगळी.

आता 'औ'ला बाजूला ठेवून उरलेल्या नऊ मुलांवर नेहमीचा गुणांक काढू, म्हणजे टोकाच्या आकड्याचा घोळ मधे येणार नाही. माझ्या आकड्यांनी ०.९३. सरांच्या आकड्यांनी ०.९०. बाईंच्या आकड्यांनी ०.८३. मुलांनी काहीच बदललं नाही, आम्ही तिघांनी फक्त चिठ्ठ्या वेगळ्या चिकटवल्या. क्रमांकांचा सहसंबंध तिघांचाही ०.९२, कारण चिठ्ठीवर काहीही लिहा, शब्द अक्षराच्या पुढेच आणि परिच्छेदाच्या मागेच.

इथे फरक फार मोठा नाही, हे मी मान्य करते. पण दोन शाळांची किंवा दोन वर्षांची तुलना करताना ०.९३ आणि ०.८३ यांच्यावर लोक भाषणं करतात. तो फरक मुलांचा आहे की चिठ्ठ्यांचा, हे आधी कळायला नको का?

प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींचंही तेच. अ-१ म्हणजे ९१ ते १००, दहा गुणांचा पट्टा. ड म्हणजे ३३ ते ४०, आठच गुणांचा. आणि इ-२ म्हणजे वीस आणि त्याखालचं सगळं. या श्रेणींना ८, ७, ६ असे आकडे देऊन नेहमीचा गुणांक काढणं म्हणजे लहानमोठ्या पायऱ्यांच्या जिन्याला फूटपट्टी समजणं. मूळ गुण हातात असतील तर गुण वापरा. फक्त श्रेणी असेल तर क्रमांक वापरा.

मग 'औ'चं काय झालं?

इथे खरी गोष्ट आहे. दोन गुणांकांत इतका फरक बघून मी त्याला जवळ बोलावलं. "एवढी पुस्तकं वाचलीस तू?" तर म्हणाला, "मी नाय वाचत बाई, ताई वाचते." त्याची मोठी बहीण दुसऱ्या शाळेत सातवीत आहे. तिच्या वाट्याला गोष्टीची पुस्तकं येत नव्हती. हा रोज एक नेऊन द्यायचा, सकाळी परत आणायचा. वहीत नोंद त्याच्या नावावर.

म्हणजे त्याच्या ओळीत मी जे 'नेलेली पुस्तकं' म्हणून मोजत होते, ते त्याचं वाचन नव्हतंच. आणि पन्नास वेळा पुस्तक हातात घेऊन घरी जाणारा हा मुलगा स्वतः मात्र अक्षरांच्या पुढे गेला नव्हता, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. वहीवर त्याचं नाव सगळ्यांत वर होतं ना. मला वाटायचं, याचं तर छान चाललंय.

आता अशा मुलाला यादीतून काढावं का? बरेच जण टोकाचा आकडा दिसला की पुसून टाकतात, गुणांक छान येतो. मला हे पटत नाही. कारण सापडलं, ते लिहून ठेवलं, आणि दोन्ही उत्तरं दिली (त्याला धरून आणि वगळून), तर काढायला हरकत नाही. कारण न शोधता फक्त आकडा बिघडवतोय म्हणून काढणं म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत जास्त गरज असलेल्या मुलाला कागदावरून उठवणं.

क्रमांक कुठे कमी पडतात

उलट्या टोकाला जाऊन सगळीकडेच क्रमांक लावू नका. मुलांची उंची आणि वजन, किंवा मिनिटाला वाचलेले शब्द आणि चाचणीतले गुण, असे खरे मोजलेले आकडे असतील, कागदावर ठिपके मांडल्यावर साधारण सरळ पट्टा दिसत असेल आणि कुणी फटकून नसेल, तर नेहमीचा गुणांकच चांगला. 'किती' ही माहिती क्रमांक फेकून देतात. एखाद्या मुलाची हजेरी दोनशे दिवसांवरून चाळीसवर घसरली, तर क्रमांक फक्त 'शेवटचा' एवढंच म्हणतील. शेवटून दुसऱ्याची हजेरी एकशे नव्वद आहे की पंचेचाळीस, हे त्यात दिसणार नाही. आपल्याला तर तेच बघायचं असतं.

दुसरं, दहा मुलं फार थोडी. दोन गोष्टींचा काही संबंध नसतानाही इतक्या लहान गटात बऱ्यापैकी मोठा आकडा योगायोगाने येऊ शकतो. पाच टक्क्यांची जी रूढ कसोटी असते, तिच्यात दहा मुलांसाठी क्रमांकांचा सहसंबंध साधारण ०.६५ तरी लागतो. आपला ०.६४ त्याच्या उंबरठ्यावर, जरासा खालीच. म्हणून मी आता अहवालात 'संबंध सिद्ध झाला' असं लिहीत नाही. 'चढता कल दिसतो, पूर्ण वर्गावर पाहायला हवा' इतकंच लिहिते.

आणि तिसरं, पुस्तकं नेली म्हणून वाचन सुधारलं, की वाचता येतं म्हणून पुस्तकं नेली? हे दोन्ही गुणांकांपैकी एकही सांगत नाही. वाचनपेटीची बाजू घ्यायची तर सत्राच्या सुरुवातीची पातळीही नोंदवायला हवी होती. ती मी नोंदवली नव्हती. पुढच्या वेळी नोंदवणार आहे.

मग करायचं काय

आधी ठिपके मांडा. चौकटीच्या कागदावर आडवी पुस्तकं, उभी पातळी. दहा मिनिटांचं काम आहे. 'औ' त्या कागदावर एकटा उजवीकडे बसलेला मला आधीच दिसला असता.

मग दोन्ही गुणांक काढा आणि शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जवळपास असतील तर ठीक. माझ्यासारखे ०.०३ आणि ०.६४ आले, तर 'यातला कुठला खरा' असा वाद घालत बसू नका. कुणाच्या ओळीत क्रमांकांचा फरक सगळ्यांत मोठा आहे ते बघा. आमच्या तक्त्यात तो साडेसहा होता. त्या मुलाशी बोला. पालकांनीही शाळेकडून 'सहसंबंध अमुक इतका' असं ऐकलं, तर एक प्रश्न जरूर विचारावा: हा मूळ आकड्यांचा आहे की क्रमांकांचा, आणि मुलं किती होती?

आमचा वाचनपेटीचा तास चालू आहे. 'औ'साठी त्या तासात मी त्याच्या शेजारी बसते, मोठ्या अक्षरांची, ओळीला तीन-चार शब्दांची पुस्तकं घेऊन. ताईची पुस्तकं तो अजूनही नेतो, पण आता वहीत त्यांचा रकाना वेगळा आहे.